मोजून न सापडणारी संख्या

०, १, २, ३ अशा नैसर्गिक संख्यांबद्दल जी जी विधानं खरी आहेत ती सगळी एका यादीत लिहिली आहेत, असं समजा. ‘शून्य सोडून प्रत्येक संख्येच्या लगेच आधी एक संख्या असते’, ‘प्रत्येक संख्या सम असते किंवा विषम’, ‘प्रत्येक मूळ संख्येपेक्षा मोठी मूळ संख्या असते’ अशी. यादी अनंत आहे, पण तिच्यातलं प्रत्येक विधान मर्यादित लांबीचं आहे. ‘प्रत्येक संख्या’ किंवा ‘अशी एखादी संख्या’ असं म्हणायची मुभा आहे, ‘संख्यांचा प्रत्येक संच’ असं म्हणायची नाही. हीच प्रथम-स्तरीय तर्कशास्त्राची भाषा.

आता या यादीत एक नवं नाव आणू: ‘क’. त्याच्याबद्दल विधानं जोडू: क हा ०पेक्षा मोठा आहे, क हा १पेक्षा मोठा आहे, २पेक्षा मोठा आहे, आणि असंच पुढे, कुठेही न थांबता. अशी संख्या कुठली असणार? नेहमीच्या संख्यांमध्ये तर नाहीच. कोणतीही संख्या घेतली, तरी ‘क’ तिच्यापेक्षा मोठा आहे असं सांगणारं विधान यादीत आहेच.

तरीही या वाढवलेल्या यादीतून मूठभर विधानं उचलून बघा. हजार घ्या, लाख घ्या. त्यांत ‘क’बद्दलची विधानं मोजकीच असणार आणि त्यांतली एक संख्या सर्वांत मोठी असणार. ती ९००० असेल, तर ‘क’ म्हणजे ९००१ असं ठरवा. उचललेली सगळी विधानं आपल्या नेहमीच्या संख्यांमध्येच खरी ठरतात. यादीचा प्रत्येक मर्यादित तुकडा असा निभावतो.

कॉम्पॅक्टनेसचं प्रमेय सांगतं की एवढं पुरेसं आहे. विधानांच्या संचाचा प्रत्येक मर्यादित तुकडा कुठल्या ना कुठल्या विश्वात खरा ठरत असेल, तर संपूर्ण संच एकाच वेळी खरा ठरेल असं विश्वही असतंच. कुर्ट गोडेल यांनी १९३० साली छापलेल्या निबंधातून हे निघालं, आणि त्यामागचं कारण सरळ आहे. त्यांनी असं सिद्ध केलं होतं की एखादा संच कुठल्याच विश्वात खरा ठरत नसेल, तर त्यातून नियमांनी पायरीपायरीने विसंगती काढून दाखवता येते. पण कोणतीही सिद्धता कधीतरी संपते. तिच्या मोजक्या ओळींत मोजकीच विधानं वापरलेली असतात. म्हणजे विसंगती तेवढ्या तुकड्यातच होती. आपला एकही तुकडा विसंगत नाही, मग पूर्ण यादी कशी असेल?

तेव्हा असं एक विश्व आहे, जिथे नेहमीच्या संख्यांबद्दलचं प्रत्येक खरं विधान खरं आहे आणि शिवाय त्या सर्वांहून मोठा ‘क’ही आहे. नॉर्वेचे थोराल्फ स्कोलेम यांनी १९३४ साली असं विश्व वेगळ्या वाटेने उभं करून दाखवलं. तिथे क+१ आहे, क-चा वर्ग आहे. ‘क’ सम आहे किंवा विषम आहे. आणि क शून्य नसल्यामुळे क-१ असायलाच हवा, मग क-२, क-३... ही उतरण कधीच शून्याला पोचत नाही. पोचली असती, तर ‘क’ साधीच संख्या ठरली असती.

चोखंदळ वाचक इथे अडेल, आणि त्याने अडावंच. संख्यांच्या रिकाम्या नसलेल्या कोणत्याही संचात सर्वांत लहान संख्या असते, हे आपण शाळेपासून मानत आलो. मग शून्यापासून मोजत जाऊन कधीच न सापडणाऱ्या या संख्यांमध्ये सर्वांत लहान कोण? कोणीच नाही, कारण जी सुचवाल तिच्या आधीचीही तशीच असते. तरी यादीतलं एकही विधान मोडत नाही. ‘प्रत्येक संच’ म्हणायची मुभा नसल्यामुळे यादी हे फक्त तिच्या भाषेत वर्णन करता येतील अशा संचांबद्दल सांगते: सम संख्या, मूळ संख्या वगैरे. ‘मोजून सापडणारी’ याचं वर्णन त्या भाषेत करताच येत नाही. येत असतं, तर ‘मोजून न सापडणारी’ यांचंही आलं असतं आणि त्यांत सर्वांत लहान संख्या निघाली असती. तिच्या आधीची संख्या मोजून सापडणारी; मग त्यापुढची, म्हणजे तीच, मोजून कशी सापडणार नाही?

म्हणजे कितीही खरी विधानं जमवली, तरी ही भाषा नेहमीच्या संख्यांना इतरांपासून वेगळं काढू शकत नाही. मला या प्रमेयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

भाषेची ताकद वाढवली तर? ‘क म्हणजे ० किंवा १ किंवा २ किंवा...’ असं न संपणारं एकच विधान चालवून घेऊ. त्याच्यासोबत आपली ‘क’बद्दलची विधानं ठेवा. प्रत्येक मर्यादित तुकडा अजूनही निभावतो, पण संपूर्ण संच कुठल्याच विश्वात खरा होत नाही. परका ‘क’ बाहेर गेला खरा, पण कॉम्पॅक्टनेसचं प्रमेयही गेलं.

हीच युक्ती वास्तव संख्यांवर चालवली, तर मिळणाऱ्या विश्वात १/क ही शून्याहून मोठी, पण प्रत्येक नेहमीच्या धन अपूर्णांकाहून लहान संख्या असते. लायब्निझ कलनशास्त्रात अशा अतिसूक्ष्म राशी वापरत, आणि पुढे त्यांच्यावर पक्क्या पायाअभावी टीका झाली. १९६०च्या दशकात अब्राहम रॉबिन्सन यांनी तो पाया तर्कशास्त्रातून घातला.