चौकाचौकांतून सर्वांत जवळची वाट

एका चौकातून दुसऱ्या चौकात जाण्याची सर्वांत जवळची वाट शोधायची, तर पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे सगळ्या वाटा मोजायच्या आणि त्यांतली लहानात लहान निवडायची. हा उपाय फार लवकर हात टेकतो. उभे-आडवे आखीव रस्ते असलेली, दहा ठोकळे लांब आणि दहा ठोकळे रुंद अशी एखादी वसाहत घेतली, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कुठेही मागे न फिरता जाण्याच्या वाटाच १,८४,७५६ भरतात. खऱ्या शहरात चौक हजारोंनी असतात. तिथे वाटा मोजत बसण्यात अर्थ नाही. मोजायचे ते चौक.

ही पद्धत डच गणिती एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत तयार झालेल्या आर्मॅक या संगणकाचे सामर्थ्य लोकांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी नेदरलँड्समधली ६४ शहरे आणि त्यांना जोडणारे रस्ते निवडले. पुढे त्यांनी सांगितल्यानुसार, एका कॅफेत कॉफी घेत असताना वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न वापरता ही पद्धत त्यांच्या डोक्यात तयार झाली. १९५९ साली ती छापली गेली, तो लेख जेमतेम तीन पानांचा आहे.

पद्धत समजण्यासाठी एक काल्पनिक लहान गाव पुरेसे आहे. बसस्थानकापासून दवाखान्यापर्यंत जायचे आहे. बसस्थानकावरून तीन रस्ते फुटतात: वेशीकडे ३ मिनिटांचा, मंडईकडे ७ मिनिटांचा आणि दवाखान्याच्या अगदी उलट दिशेला बाजार समितीकडे १० मिनिटांचा. वेशीपासून मंडई २ मिनिटांवर, कचेरी ९ मिनिटांवर आणि नदीवरचा पूल बाहेरच्या रस्त्याने ११ मिनिटांवर आहे. मंडईतून पुलापर्यंत ६ मिनिटे लागतात. पुलापासून दवाखाना ४ मिनिटांवर, तर कचेरीपासून ७ मिनिटांवर. बाजार समितीच्या पुढे रस्ता नाही.

प्रत्येक चौकाच्या नावापुढे एक आकडा लिहायचा: तिथे पोचायला आतापर्यंत सापडलेला कमीत कमी वेळ. सुरुवातीला ही नोंद कच्ची असते. दर फेरीत कच्च्या नोंदींपैकी सर्वांत लहान आकडा निवडून तो पक्का करायचा आणि त्या चौकातून निघणारे रस्ते तपासायचे. कुठल्या शेजारच्या चौकाचा आकडा त्यामुळे कमी होत असेल, तर जुना खोडून नवा लिहायचा आणि तो कुठून आला तेही टिपून ठेवायचे.

बसस्थानकाचा आकडा शून्य. तिथून वेस ३, मंडई ७ आणि बाजार समिती १० अशा कच्च्या नोंदी होतात. सर्वांत लहान वेस, म्हणून ३ पक्के. वेशीतून मंडई ३ अधिक २ म्हणजे ५ मिनिटांत गाठता येते, तेव्हा थेट रस्त्याचे ७ खोडायचे. कचेरीपुढे १२ आणि पुलापुढे १४ लिहायचे. आता सर्वांत लहान मंडईचे ५, तेही पक्के. मंडईतून पूल ११ मिनिटांत येतो, त्यामुळे १४ खोडले जातात. पुढचा लहान आकडा बाजार समितीचा १०. तो पक्का होतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. मग पूल ११ वर पक्का होतो आणि दवाखान्यापुढे पहिल्यांदा आकडा येतो: १५.

बहुतेकांची चूक होते ती इथे. दवाखाना सापडला, म्हणून शोध थांबवण्याचा मोह होतो. पण १५ ही नोंद अजून कच्ची आहे. कचेरी १२ वर वाट पाहत उभी आहे. कचेरीपासून दवाखाना ७ ऐवजी २ मिनिटांवर असता, तर तिकडून १४ मिनिटांतच पोचता आले असते आणि घाईने थांबलेल्याने चुकीची वाट सांगितली असती. म्हणून कचेरीचे १२ आधी पक्के करायचे. तिकडून दवाखाना १९ मिनिटांत येतो, म्हणजे १५ कायम राहतात. आता १५ हाच सर्वांत लहान कच्चा आकडा उरतो, तो पक्का होतो आणि शोध संपतो. वाट उलटी वाचत जायचे: दवाखान्याचा आकडा पुलावरून आला, पुलाचा मंडईवरून, मंडईचा वेशीवरून, वेशीचा बसस्थानकावरून.

सर्वांत लहान कच्चा आकडा बिनदिक्कत पक्का करता येतो, याचे कारण साधे आहे. त्या चौकाकडे येणारी दुसरी कोणतीही वाट कुठल्या तरी कच्च्या चौकातूनच येणार, तो चौक मुळातच तितक्याच किंवा अधिक वेळाच्या अंतरावर आहे आणि पुढचा रस्ता त्या वेळेत भरच घालणार. वेळ आणि अंतर कधी उणे नसतात, तोवर हा युक्तिवाद पक्का. विजेच्या मोटारीसाठी मिनिटांऐवजी खर्च होणारी वीज मोजली, की तो डळमळतो: घाट उतरताना बॅटरीत थोडी वीज परत जमा होते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च शून्याच्या खाली जातो. तिथे नोंदींची मांडणी बदलावी लागते किंवा दुसरी पद्धत घ्यावी लागते.

दुसरी अडचण वळणांची. एकेरी रस्त्याचा प्रश्न सोपा आहे, तो एकाच दिशेने नोंदवला की झाले. पण वेशीकडून आलेल्या गाडीला मंडईच्या चौकात उजवीकडे वळायला बंदी असेल, तर मंडईचे ५ मिनिटे हे उत्तर अपुरे पडते. गाडी कुठल्या रस्त्याने आली तेही कळायला हवे. अशा वेळी चौकापुढे आकडा लिहिण्याऐवजी चौकात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यापुढे वेगळा आकडा लिहितात.

बाजार समितीची फेरी मात्र डोळ्यांना खटकते. शोध चहूबाजूंनी सारखाच पसरतो, त्याला दवाखाना कुठल्या दिशेला आहे याची दखल नसते. १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी त्यावर उपाय प्रसिद्ध केला, त्याला ए-स्टार म्हणतात. पुढचा चौक निवडताना आतापर्यंतच्या वेळेत उरलेल्या वाटेचा अंदाज मिळवायचा. हवाई अंतराला सर्वांत जास्त वेगाने भागले की हा अंदाज निघतो. समजा, दवाखान्यापर्यंत बाजार समितीपासून किमान १२, कचेरीपासून ५ आणि पुलापासून ३ मिनिटे लागणार. मग बाजार समितीची बेरीज २२ होते, कचेरीची १७ आणि पुलाची १४. पुलानंतर दवाखाना १५ वर पक्का होतो, आणि बाजार समिती व कचेरी यांच्याकडे बघावेही लागत नाही. अट एवढीच, की अंदाज खऱ्या वेळेपेक्षा कधीही जास्त असू नये. कचेरीच्या ५ ऐवजी ८ धरले आणि तिथून दवाखाना खरोखर २ मिनिटांवर असला, तर कचेरीची बेरीज २० होईल आणि १४ मिनिटांची वाट तशीच हुकेल.

पश्चिम युरोपच्या ज्या नकाशावर अशा पद्धतींची परीक्षा घेतली जाते, त्यात सुमारे १ कोटी ८० लाख चौक आहेत. तिथे ए-स्टारही अपुरा पडतो. २००८ मध्ये कार्ल्सरूच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत बिनमहत्त्वाचे चौक आधीच एकेक करून गाळतात आणि गाळल्यामुळे तुटणाऱ्या जवळच्या वाटेच्या जागी आडवाट म्हणून एक नवी नोंद घालतात. आपल्या गावातली मंडई गाळली, तर वेशीपासून पुलापर्यंत ८ मिनिटांची नोंद येईल आणि बाहेरच्या ११ मिनिटांच्या रस्त्याची गरज उरणार नाही. एवढी तयारी असली, की काही शे चौक तपासून उत्तर मिळते. मात्र मंडईत वाहतूक तुंबली आणि तिथून पुलापर्यंतचे ६ मिनिटे १० झाले, तर वेस ते पूल ही ८ ची नोंद चुकीची ठरते. मंडईमार्गे १२ मिनिटे लागतात आणि बाहेरचा ११ मिनिटांचा रस्ता पुन्हा जवळचा होतो. त्यामुळे वाहतुकीची ताजी स्थिती धरायची असेल, तर रस्त्यांचे वेळ बदलतील तशा आडवाटांच्या नोंदी पुन्हा काढाव्या लागतात.