कोऱ्या जागेमागचं कारण

तपासलेला पेपर घरी आला की नजर आधी गुणांवर जाते. दहावीच्या बीजगणितात 40 पैकी 32 पडले, शेवटचा प्रश्न कोरा, म्हणजे तो जमला नसेल, असं घरचे म्हणतात. पण गुण कुठे गेले हे कळायचं असेल तर वेळ कुठे गेला ते आधी शोधावं लागतं, आणि उत्तरपत्रिका ते बरंच सांगते.

हा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. अशी एक उत्तरपत्रिका समोर धरू. प्रश्न 1, 2 आणि 3 चे सगळे 29 गुण मिळाले आहेत, अक्षर सुबक आहे. मात्र प्रश्न 2 मध्ये 'अ' गटात तीनपैकी दोन आणि 'ब' गटात पाचपैकी चार उपप्रश्न सोडवायचे होते, तर हिने सगळेच सोडवलेत. दोन-दोन गुणांचे दोन उपप्रश्न जास्तीचे, म्हणजे साधारण बारा मिनिटं गेली आणि गुण एकही वाढला नाही. प्रश्न 4 मधल्या एका उदाहरणाला नेमका एवढाच वेळ लागतो.

आता प्रश्न 4 पाहा. आयताची रुंदी लांबीपेक्षा 3 ने कमी, क्षेत्रफळ 40. समीकरण बरोबर मांडलंय: x² − 3x − 40 = 0. पुढच्याच ओळीत −3x चं +3x झालंय. त्याचेही अवयव पडतात, त्यामुळे चूक लक्षात आली नाही आणि लांबी 8 ऐवजी 5 आली. रुंदी 2 काढून गुणाकार केला असता तर 10 आले असते आणि चूक लगेच दिसली असती. पण रुंदी लिहिलेलीच नाही, पडताळा नाही, अक्षरही इथूनच फाकलंय. ही घाईची खूण. दुसऱ्या उदाहरणात चलं मानली, दोन समीकरणं मांडली आणि तिथेच थांबली. प्रश्न 5 ला तर हातच लागलेला नाही.

कोरी जागा मात्र एकटी काहीच सिद्ध करत नाही. वेळ संपला तरी ती कोरी राहते आणि येत नसलं तरीही. म्हणून दोन-तीन दिवसांनी, पुस्तक मिटून पण घड्याळ न लावता, तीच उदाहरणं पुन्हा सोडवायला द्यावीत. हिने अर्धवट राहिलेलं उदाहरण दहा मिनिटांत पुरं केलं. प्रश्न 5 वर मात्र पंधरा मिनिटं बसूनही पहिली पायरी सुचली नाही. म्हणजे एका ठिकाणी वेळ कमी पडला आणि दुसऱ्या ठिकाणी समज. पहिल्याला 'कोणतेही चार' वाचून चारच सोडवायची सवय पुरेल. दुसऱ्यासाठी शिक्षकांकडेच जावं लागेल.

सराव पेपरात प्रत्येक प्रश्न संपताना समासात पेन्सिलीने वेळ लिहायला सांगा. मग अक्षरावरून अंदाज बांधावा लागत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत अशी कोणतीही खूण करायची नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवा.