काउंटरवरचा लॅपटॉप गिऱ्हाईकाला काय काय सांगतो? क्रोमचं नवीन टॅबचं पान दुकानासाठी असं लावा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी क्रोममधलं नवीन टॅबचं पान बदलून दाखवलं. व्हिडिओत सगळं भराभर झालं, म्हणून इथे सावकाश लिहितोय. लॅपटॉप समोर उघडून ठेवा आणि वाचता वाचता करत चला.

आधी हे का करायचं ते सांगतो. माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. लॅपटॉप काउंटरवरच असतो. एकदा एका ताईंना मगवरच्या प्रिंटची डिझाइन्स दाखवायची होती, म्हणून मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि नवीन टॅब उघडला. सर्च बॉक्सच्या खाली आठ टाइल्स आल्या. त्यातली दुसरीच माझ्या होलसेलवाल्याच्या वेबसाइटची होती, नावासकट. ताईंनी ते वाचलं आणि सहज विचारलं, "दादा, तुम्ही मग इथून आणता का?" मी हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा त्यांना मगचा होलसेल भाव माहीत होता. 50 मगची ऑर्डर होती. ती मला जवळपास विनामार्जिन द्यावी लागली.

चूक ताईंची नाही. स्क्रीन मीच फिरवली होती.

झालं काय, ते समजून घ्या. क्रोमचं नवीन टॅबचं पान दोन प्रकारे टाइल्स दाखवू शकतं. एक प्रकार म्हणजे Most visited sites. यात तुम्ही ज्या साइटवर जास्त जाता, त्या क्रोम आपणहून समोर मांडतो. दुसरा प्रकार My shortcuts, यात तुम्ही स्वतः ठेवाल त्याच साइट. तुम्ही कधीच हात लावला नसेल, तर बहुतेक क्रोमने आपणहून मांडलेल्या टाइल्सच दिसत असतील. म्हणजे तुमच्या वापराची जंत्री रोज काउंटरवर उघडी पडलेली असते.

आता बदलूया. Ctrl आणि T दाबा, नवीन टॅब उघडेल. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलचं चिन्ह असलेलं Customize Chrome हे बटण आहे. (माझा क्रोम इंग्रजीत आहे, म्हणून नावं इंग्रजी देतोय. तुमचा मराठीत असेल तर जागा त्याच, नावं मराठीत.) बटण दाबलं की उजवीकडे एक पट्टी उघडते. तिच्यात Shortcuts असा भाग आहे. तिथे My shortcuts निवडा. बरेचदा आधीच्या टाइल्स तशाच राहिलेल्या दिसतील. प्रत्येक टाइलवर माउस नेला की तीन ठिपके येतात, त्यात Remove आहे. एकेक करून सगळ्या काढा, पाटी कोरी करा.

इथे एक गंमत होते. टाइल काढली की खाली एक छोटी सूचना येते, तिच्यात Undo आणि Restore default shortcuts असे दोन पर्याय असतात. चुकून चांगली टाइल गेली तर Undo दाबा. दुसरा पर्याय दाबलात तर तुम्ही बनवलेलं सगळं जाऊन पुन्हा पहिल्यासारखं होईल. माझ्या एका बॅचमध्ये निम्म्या लोकांनी तोच दाबला होता.

नवीन टाइलसाठी Add shortcut दाबा. नाव आणि पत्ता, एवढंच तो विचारतो. जास्तीत जास्त 10 टाइल्स ठेवता येतात. टाइल माउसने धरून ओढली की जागा बदलते. चिन्ह मात्र तुम्हाला निवडता येत नाही, त्या साइटचं जे असेल तेच येतं. त्यामुळे गूगल शीटच्या तीन टाइल्स केल्या तर तिन्हींचं चिन्ह सारखंच दिसणार, फरक फक्त नावात. नाव छोटं ठेवा, मराठीत चालतं. मी "स्टॉक", "ऑर्डर", "उधारी" असं ठेवलंय. "दुकानाचा चालू महिन्याचा स्टॉक" असं लिहिलंत तर अर्धं नाव कापलं जाईल.

आता पत्ता. खरी काळजी इथे घ्यायची. बरेच जण साइट उघडतात, लॉगिन करतात, आणि मग वरचा पत्ता कॉपी करून टाइलमध्ये टाकतात. बऱ्याच साइटवर लॉगिननंतरचा पत्ता फक्त त्या बैठकीपुरता चालतो. दुसऱ्या दिवशी टाइल दाबली की सेशन संपल्याचा मेसेज येतो, आणि कामाला असलेला मुलगा म्हणतो, "साइट बंद आहे." साइट चालूच असते, पत्ता चुकलेला असतो. म्हणून लॉगिनच्या आधीचं पान टाइलवर ठेवा. गूगल शीटचं उलटं आहे, तिथे नेमकी ती शीट उघडून तिचाच पत्ता टाकायचा, म्हणजे ड्राइव्हमध्ये शोधाशोध नाही.

सरकारी साइटचे पत्ते मी हाताने टाइप केले. हे घ्या:

```
https://www.gst.gov.in
https://ewaybillgst.gov.in
https://udyamregistration.gov.in
```

हाताने का? कारण सर्चमध्ये नाव टाकलं की वरती जाहिराती येतात, आणि "उद्यम रजिस्ट्रेशन करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या खासगी साइट त्यात असतात. दिसायला अगदी सरकारी. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का, हे एकदा डोळ्यांनी बघून टाइल केलीत, की मग कोणीही ती दाबो, योग्य दारातच जाईल.

एका क्रोममध्ये दोन जीमेल उघडे ठेवत असाल तर हेही करून बघा:

```
https://mail.google.com/mail/u/0/
https://mail.google.com/mail/u/1/
```

पहिला पत्ता आधी लॉगिन केलेल्या खात्याचा, दुसरा नंतरच्या. लॉगिनचा क्रम बदलला तर टाइल्सची अदलाबदल होते. दुकानाच्या टाइलवर अचानक घरचा मेल दिसला, तर कारण हे.

एवढं केल्यावर मला वाटलं, झालं काम. पण टाइल काढली म्हणजे हिस्टरी पुसली जात नाही. वरच्या पट्टीत होलसेलवाल्याच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं तरी क्रोम पूर्ण पत्ता सुचवतो. गिऱ्हाईक बघतंय आणि तुम्ही "m" टाइप करताय, की आलाच तो.

यावर उपाय म्हणजे दोन प्रोफाइल. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की नवीन प्रोफाइल बनवायचा पर्याय दिसतो. प्रत्येक प्रोफाइलच्या टाइल्स, हिस्टरी, पासवर्ड, पार्श्वभूमी, सगळं वेगळं राहतं. मी दोन केल्या, "काउंटर" आणि "ऑफिस". काउंटरला गूगल खातं जोडलेलंच नाही. शीट उघडण्यापुरता जीमेल हवा, तर दुकानाचा वेगळा जीमेल वापरा, घरचा नको.

माझ्या काउंटर प्रोफाइलवर सध्या सहाच टाइल्स आहेत. व्हॉट्सअॅप वेब, बिलिंग, स्टॉकची शीट, ऑर्डरची शीट, कुरिअर ट्रॅकिंग आणि डिझाइन दाखवायचा कॅन्व्हाचा फोल्डर. 10 ची मर्यादा आहे म्हणून 10 भरायच्याच असं नाही. उधारीची शीट, बँक, जीएसटी, होलसेलवाले हे सगळं ऑफिसमध्ये. मात्र प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. समोरचा माणूस दोन क्लिकमध्ये दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतो. म्हणून काउंटर सोडून आत जाताना Windows आणि L दाबून स्क्रीन लॉक करायची सवय मी लावून घेतली.

पार्श्वभूमीचं थोडक्यात. त्याच पट्टीत Change theme मध्ये Upload an image आहे. फोटो आडवा घ्या, 1920 बाय 1080 चा असला की बास. क्रोम तो खिडकीभर पसरवतो आणि मापात बसला नाही तर कडा कापतो, म्हणून मजकूर कडेला चिकटवून लिहू नका. वर मध्यभागी सर्च बॉक्स आणि त्याखाली टाइल्स येतात, उजव्या खालच्या कोपऱ्यात बटण असतं. मोकळी जागा उरते ती डावीकडे खाली. तिथेच लिहा. मी आधी दुकानाचा दिवाळीतला फोटो टाकला होता, लाइटिंगवाला. दिसायला भारी, पण टाइलची नावंच वाचता येईनात. मग साधा गडद निळा रंग घेतला.

काउंटरच्या चित्रावर मी गिऱ्हाईकाने वाचावं असंच लिहिलंय: "प्रिंटची ऑर्डर 2 दिवस आधी द्यावी." ते तोंडाने सांगायला अवघड जातं, स्क्रीन सांगते. ऑफिसच्या चित्रावर दोन तारखा आहेत, 11 ला GSTR-1 आणि 20 ला GSTR-3B. या महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या तारखा झाल्या. तुम्ही तिमाही भरत असाल तर वेगळ्या, सीएला विचारून लिहा.

शेवटचं म्हणजे Cards. त्याच पट्टीत खाली त्यांचं बटण आहे. ते चालू असेल तर टाइल्सच्या खाली ड्राइव्हमधल्या फाइल्स किंवा आधी उघडलेली पानं अशा गोष्टी येऊ शकतात. काउंटरवर बंद करा. मी ऑफिसमध्येही बंदच ठेवलंय, तिथे गर्दी नको वाटते.

आणि Customize Chrome बटणच सापडत नसेल तर? बहुधा कोणत्यातरी एक्स्टेन्शनने ते पान बळकावलेलं असतं. फुकट पीडीएफ कन्व्हर्टर वगैरे टाकताना हे हळूच आत येतं. वरच्या पट्टीत हे टाइप करा:

```
chrome://extensions
```

जे तुम्ही स्वतः टाकल्याचं आठवत नाही ते बंद करा आणि नवीन टॅब उघडून बघा. तरीही पान वेगळंच असेल, तर सेटिंगमध्ये Search engine बदललंय का तपासा. तिथे गूगल नसेल, तर या पानावरचे यातले काही पर्याय दिसत नाहीत.

सगळं झालं की एक परीक्षा घ्या. काउंटर प्रोफाइल उघडा, लॅपटॉप फिरवा आणि गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी स्वतः जाऊन उभे राहा. घरच्या कोणाला तरी नवीन टॅब उघडायला सांगा, वरच्या पट्टीत दोन-चार अक्षरं टाइप करायला सांगा, आणि तिथून काय काय वाचता येतंय ते बघा. माझ्याकडे ही परीक्षा बायकोने घेतली. तिला डाउनलोडच्या यादीत होलसेलवाल्याचं बिल दिसलं. मी ते काउंटर प्रोफाइलमधूनच उतरवलं होतं.

आता बिलं फक्त ऑफिसमधून उतरवतो, आणि ती काउंटरच्या Downloads मध्ये नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.