दुकानाचा पहिला नमस्कार

काचीगुड्याच्या आमच्या घरातून मेतकूट, भाजणी आणि मागणीप्रमाणे पुरणपोळ्या पुरविण्याचा लहानसा उद्योग आमच्या वहिनी चालवितात. मागणी पूर्वी दारावर येई, नंतर दूरध्वनीवर येऊ लागली. आता ती बहुतांशी ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’वर येते. २०१८ साली निघालेल्या या साधनात, ग्राहकाचा पहिला निरोप येताच आपोआप स्वागत धाडण्याची सोय आहे. पोळी लाटणाऱ्या हाताला तेवढीच उसंत, म्हणून आम्ही ती मोठ्या हौसेने सुरू केली आणि लिहिले, ‘आपले मनःपूर्वक स्वागत! आज काय गोड पाठवू?’

मजकूर आम्हांला फारच आवडला होता. पुढे एके दिवशी शेजारच्या गल्लीतील काकूंचा निरोप आला. यजमानांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी साठ पोळ्या सांगून ठेवल्या होत्या. आता त्यांनी लिहिले होते, ‘पोळ्या नकोत. हे काल गेले.’ त्याखाली त्याच क्षणी आमचे वाक्य उमटले : आज काय गोड पाठवू?

वहिनी तशाच उठून त्यांच्याकडे गेल्या. काकू रागावल्या नव्हत्या; मात्र ते वाक्य वहिनींनीच लिहिले, असे त्या समजून चालल्या होत्या. यंत्राने धाडले, हे पटवून देण्याची ती वेळ नव्हती.

घरी येऊन आम्ही शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. हे स्वागत केवळ नवख्यालाच जाते, हा आमचा समज अपुरा होता. एखाद्याशी चौदा दिवस काहीच बोलणे झाले नसेल, तर जुन्या माणसालाही ते पुन्हा जाते. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला दर पंधरवड्याने अनोळखी ठरविण्याचाच हा प्रकार! महिन्यातून एकदा भाजणी नेणाऱ्या कितीतरी जणींना आम्ही असे वारंवार ‘स्वागत’ केले असेल, याची आता लाज वाटते.

उपाय त्याच पडद्यावर होता. ‘Business tools’मध्ये ‘Greeting message’ उघडल्यावर मजकुराच्या खाली ‘Recipients’ असे सदर दिसते. मुळात तेथे ‘Everyone’ होते. त्याऐवजी आम्ही ‘Everyone not in address book’ निवडले आणि ‘Save’ केले. अर्थात, ज्यांची नावे फोनमध्ये नोंदलेली असतील त्यांनाच यातून वगळले जाते. आमच्या नोंदी होत्या वहिनींच्या लाल वहीत! दोन संध्याकाळी बसून आम्ही ते सारे क्रमांक फोनमध्ये उतरविले. आता नव्या गिऱ्हाइकाची पहिली मागणी पुरी होताच नाव नोंदवून ठेवायचे, हा घरचा नियम झाला आहे.

मग मजकुराकडे वळलो. समोरच्याने काय लिहिले आहे हे या वाक्याला ठाऊक नसते. त्याचे नावही ते आपणहून घालू शकत नाही. तेव्हा आनंदाच्या आणि दुःखाच्या दोन्ही निरोपांखाली जे शोभेल तेवढेच लिहावे, असे ठरले. बऱ्याच खाडाखोडीनंतर हे राहिले :

‘नमस्कार. आपला निरोप पोहोचला. हे उत्तर आपोआप गेले आहे. आमच्या वहिनी तो स्वतः वाचून सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळात उत्तर देतील. मागणी असल्यास कोणत्या दिवशी हवी, तेवढे लिहून ठेवावे.’

‘आपोआप’ हा शब्द घालण्यास आमच्या धाकट्या भावजींचा विरोध होता. त्याने परकेपणा येतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला उलटेच वाटते. माणसाचे सोंग घेतलेले वाक्य उघडे पडले, म्हणजे पुढे माणसाने लिहिलेलेही कोणी खरे मानीत नाही. शेवटी एकच गोष्ट विचारली आहे. पत्ता, संख्या, पैसे हे पुढचे बोलणे वहिनींचे. एकाच मजकुराने सर्वांशी बोलावे लागते आणि आमचे निम्मे गिऱ्हाईक हैदराबादी वळणाचे, म्हणून हीच वाक्ये खाली हिंदीत आणि तेलुगूतही घातली आहेत. निरोप लांबला, पण इलाज नाही.

पारखून पाहताना आमची आणखी एक फजिती झाली. भाच्याच्या फोनवरून निरोप धाडला, उत्तर नाही. पुन्हा धाडला, तरी नाही. बिघाड समजून आम्ही सारे खटाटोप केले. भाच्याचे नाव तर फोनमध्ये होतेच! ज्याचा क्रमांक नोंदलेला नाही आणि ज्याने कधी लिहिलेले नाही, अशाच्या फोनवरून पाहावे लागते, आणि तेही एकदाच. दुसऱ्या खेपेस चौदा दिवस थांबणे आले. शिवाय आपल्या फोनला इंटरनेट नसेल, तर स्वागत जात नाही.

काकूंचा क्रमांक आता नोंदलेला आहे. परवा त्यांनी पाव किलो मेतकूट मागविले, तेव्हा आपोआप काहीही गेले नाही. हात पुसून वहिनींनी तासाभराने उत्तर लिहिले, आणि डबा पोहोचवायला त्या स्वतःच गेल्या.