कॉर्टिसॉल : किती, त्याआधी किती वाजता?

हेल्थ चेकअपच्या पॅकेजांमध्ये हल्ली कॉर्टिसॉलही दिसू लागलं आहे. ‘तणावाचा हार्मोन’ म्हणून त्याची ख्याती झाली आहे, आणि आपल्याला किती ताण आहे हे आकड्यात कळलं तर कुणाला नको असतं? मग घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा चार घरं उरकून साडेअकराला पोचतो, नळी भरतो, आणि संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजमापात चूक असते म्हणून नव्हे. चुकतो तो प्रश्न.

कॉर्टिसॉल तयार होतं मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत. त्यांना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून, एसीटीएच नावाच्या हार्मोनच्या रूपात. पिट्यूटरीलाही वरून, हायपोथॅलॅमसकडून सूचना येतात, आणि तिथे शरीराचं घड्याळ जोडलेलं आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला कॉर्टिसॉल तळाला गेलेलं असतं. पहाटे दोन-तीननंतर ते चढू लागतं, जागं होण्याच्या सुमारास शिखरावर पोचतं आणि मग दिवसभर उतरत जातं. हा उतारही सरळ नसतो. एसीटीएच थोड्या थोड्या वेळाने झटक्यांनी सुटतं, जेवण, धावपळ, आजारपण यांनी मधेच उसळी येते, आणि रक्तातलं कॉर्टिसॉल साधारण तासा-दीड तासात निम्मं होतं. त्यामुळे एकाच माणसाचं सकाळी आठचं कॉर्टिसॉल १६ आणि झोपेत मध्यरात्रीचं १.५ असू शकतं, आणि दोन्ही निरोगी असतात. (आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. काही प्रयोगशाळा नॅनोमोलमध्ये देतात. तिथे याला २७.६ने गुणायचं.)

सकाळी आठचं रक्त एका प्रश्नाला बरं उत्तर देतं : कॉर्टिसॉल कमी तर पडत नाही ना? शिखरावरच आकडा ३च्या खाली असेल, तर ग्रंथी थकल्याची दाट शंका घ्यावी लागते. उलटा प्रश्न, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त आहे का, याला मात्र सकाळचं रक्त जवळजवळ मुकं असतं. कारण जास्तीच्या आजारात, ज्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात, आधी बिघडतो तो तळ. सकाळचं शिखर निरोगी माणसाएवढंच राहतं, पण रात्री जे शून्याच्या जवळ जायला हवं ते जात नाही.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण अशा रुग्ण डॉक्टरांना भेटतात. बेचाळीस वर्षांच्या एक बाई. वर्षभरात वजन वाढलं, तेही पोटावर आणि मानेमागे. हातपाय मात्र बारीक झाले. रक्तदाब सुरू झाला, मग साखर. जरा आपटलं तरी काळंनिळं होतं. जमिनीवर बसल्या तर उठताना आधार लागतो. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे. पॅकेजमधलं साडेअकराचं कॉर्टिसॉल १२ आलं होतं आणि त्यापुढे ‘नॉर्मल’ छापलं होतं. तो शब्द वाचून घरचे निर्धास्त झाले, आणि सहा महिने गेले.

पुढे भेटलेल्या डॉक्टरांनी आधी गोळ्या-औषधांची पिशवी मागितली. हा सोपस्कार नव्हे. अशा रूपाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड : सांधेदुखीची बिननावाची पुडी, वजन वाढवायच्या गोळ्या, चेहऱ्याला गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावलेलं बीटामेथाझोनचं मलम. अशा माणसात शरीर कुशिंगचं दिसतं आणि रक्तातलं कॉर्टिसॉल मात्र बहुधा तळाला असतं, कारण बाहेरच्या स्टिरॉइडने स्वतःचा कारखाना बंद पाडलेला असतो. या बाईंच्या पिशवीत तसं काही निघालं नाही.

मग त्यांना दोन छोट्या गोळ्या देण्यात आल्या : डेक्सामेथाझोन, ०.५ मिलिग्रॅमच्या दोन. रात्री अकराला घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त द्यायचं. चाचणी एवढीच. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात ग्रँट लिडल यांनी १९६० साली या विचाराची पक्की मांडणी केली, तेव्हा दर सहा तासांनी गोळी असं ते दिवसेंदिवस चाले. एका रात्रीची सुटसुटीत पद्धत काही वर्षांनी आली.

आता यातली युक्ती. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की तरंगता गोळा वर येतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. कॉर्टिसॉलचंही तसंच आहे : रक्तात ते वाढलं की पिट्यूटरी एसीटीएच सोडणं थांबवते. व्हॉल्व्ह शाबूत आहे का हे पाहायचं असेल, तर टाकीत किती पाणी आहे ते बघून कळत नाही. हाताने गोळा वर धरायचा आणि धार थांबते का ते पाहायचं. डेक्सामेथाझोन म्हणजे तो हात. ते कृत्रिम स्टिरॉइड आहे, कॉर्टिसॉलच्या पंचवीस-तीस पट ताकदीचं, त्यामुळे एक मिलिग्रॅमसुद्धा पिट्यूटरीला ‘भरपूर झालं’ असं पटवून देतं. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉर्टिसॉल मोजणाऱ्या रसायनांना ते जवळजवळ दिसत नाही. सकाळी जे मोजलं जातं ते शरीराने स्वतः बनवलेलंच. प्रेडनिसोलोन वापरलं असतं तर ही सोय नसती. ते बऱ्याच यंत्रांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं.

अकरा वाजताच का, हेही यातूनच उलगडतं. पहाटेची चढण सुरू व्हायच्या आधी औषध पिट्यूटरीपर्यंत पोचलेलं हवं, आणि रक्त अशा वेळी घ्यायचं की जेव्हा एरवी शिखर असतं. म्हणजे शरीराला थांबायला सर्वांत अवघड अशा वेळी थांबून दाखवायला सांगायचं. निरोगी माणसात आठ वाजता आकडा १.८ किंवा त्याच्या खाली येतो. गोळी झोपेतून उठल्यावर आठवली आणि घाईने घेतली, तर चाचणी झालीच नाही असं समजावं. त्यावर आलेला मोठा आकडा केवळ रोजची सकाळ असतो. रक्ताच्या नळीवर वेळ लिहिलेली नसेल तर आकडा वाचूच नये. उपाशी राहण्याची मात्र या चाचणीला गरज नाही.

पूर्वी १.८ऐवजी ५ ही सीमा धरत. सौम्य आजार निसटू नये म्हणून ती खाली आणली, आणि त्याची किंमतही मोजावी लागते : आजार नसलेले बरेच जण आता या जाळ्यात अडकतात.

आपल्या बाईंचं कॉर्टिसॉल आलं ६.४. दबलं नाही. पण पिशवीत एक गोष्ट होती, अंगावर जास्त जातं म्हणून दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृताकडून ते प्रथिन जास्त बनवून घेतं. काम करणारं मोकळं कॉर्टिसॉल तेवढंच राहतं, पण नेहमीची चाचणी चिकटलेलंही मोजते, म्हणून आकडा फुगतो. दुसरा नेहमीचा घोटाळा औषधांचा : फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, आणि टीबीच्या उपचारात असलेलं रिफॅम्पिसिन. ही औषधं यकृताला डेक्सामेथाझोन भराभर फोडायला लावतात. रात्री घेतलेली गोळी पहाटेपर्यंत पुरतच नाही, आणि आजार नसताना आजार दिसतो. हे ओळखायचं असेल तर त्याच नळीतलं डेक्सामेथाझोनही मोजतात. ते पुरेसं नसेल तर कॉर्टिसॉलचा आकडा बाजूला ठेवायचा.

इस्ट्रोजेन सहा आठवडे बंद ठेवून चाचणी पुन्हा केली. ४.९. फुगवटा उतरला, पण १.८ अजून दूरच.

एका चाचणीवर कुणी कुशिंगचा शिक्का मारत नाही, कारण तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, आटोक्याबाहेरचा मधुमेह यांतही पिट्यूटरी नीट ऐकत नाही. (१९८०च्या दशकात याच कारणाने नैराश्य ओळखायला ही चाचणी वापरायचा मोठा उत्साह आला होता. तो ओसरला, कारण अनेक नैराश्यग्रस्तांत कॉर्टिसॉल व्यवस्थित दबतं.) म्हणून दुसरा प्रश्न वेगळ्या बाजूने विचारायचा : रात्रीचा तळ आहे का? त्यासाठी मध्यरात्री दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतली तर त्या धास्तीनेच कॉर्टिसॉल चढेल. लाळेत मोकळं कॉर्टिसॉल उतरतं, तेव्हा घरीच रात्री अकरा-बाराच्या दरम्यान कापसाची गुंडाळी तोंडात धरून नळीत टाकायची, निदान दोन वेगळ्या रात्री. त्याआधी दात घासून हिरड्यांतून रक्त काढायचं नाही, कारण लाळेच्या मानाने रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी जास्त असतं. सिगारेट नको. आणि घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळलेलं नको : लाळग्रंथीत कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारं एक विकर असतं, ज्येष्ठमध त्यालाच अडवतं. रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनला किंवा नर्सला ही चाचणी सांगूच नये. त्यांची मध्यरात्र घड्याळातली नसते.

बाईंची लाळ दोन्ही रात्री मर्यादेच्या बरीच वर निघाली. आता कुठे निदान पक्कं झालं, आणि मगच ‘कुठून’ हा प्रश्न आला. सकाळचं एसीटीएच मोजलं, नळी बर्फात ठेवून, कारण ते पटकन विघटित होतं. ते दबलेलं असतं तर दोष अ‍ॅड्रिनलचा, वरून हुकूम नसताना स्वतःच्या मर्जीने चालणारी गाठ. इथे ते चढं होतं, म्हणजे हुकूम देणाराच जास्त बोलत होता. पिट्यूटरीच्या एमआरआयमध्ये सात मिलिमीटरची गाठ दिसली. अशी गाठ पूर्ण बहिरी नसते, तिला फक्त कमी ऐकू येतं. म्हणूनच लिडल यांनी मोठ्या मात्रेचीही चाचणी केली होती : चौपट डोस दिला की पिट्यूटरीची गाठ बऱ्याचदा नमते, फुप्फुसासारख्या ठिकाणची एसीटीएच सोडणारी गाठ सहसा नमत नाही. अपवाद दोन्हीकडे इतके निघाले की आता केवळ तिच्यावर कुणी विसंबत नाही.

गाठ नाकातून काढली. शस्त्रक्रियेनंतरच्या सकाळी पुन्हा तेच आठचं रक्त, आणि आता सर्जनला हवा होता तो अगदी लहान आकडा. १.३ आला. महिनोन्‌महिने गाठीच्या गोंगाटात गप्प बसलेल्या निरोगी पेशी लगेच जाग्या होत नाहीत, त्यामुळे हा तुटवडा यशाचीच खूण असतो. त्या जाग्या होईपर्यंत, कित्येक महिने, बाईंना हायड्रोकॉर्टिसोन घ्यायचं आहे : मोठा हिस्सा सकाळी उठल्या उठल्या, थोडा दुपारी, आणि रात्री काही नाही.