भिंतीवरचा हिरवा रंग नेमका कशाचा?

जुन्या वाड्याच्या भिंतीवर रंगवलेले हिरवे पान आज जसे दिसते, त्यावरून ते कोणत्या रंगद्रव्याने रंगवले हे सांगता येत नाही. हिरवा रंग देणारी रंगद्रव्ये पुष्कळ आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरवी माती वापरली. तांब्यापासून मॅलाकाइट आणि जंगाल हे दोन हिरवे मिळतात. नीळ आणि हरताळ एकत्र खलून केलेला हिरवा भारतीय चित्रांत वारंवार आढळतो. १८१४ मध्ये युरोपात तांबे आणि आर्सेनिक यांच्यापासून एमराल्ड ग्रीन नावाचा झगझगीत हिरवा तयार झाला आणि त्या शतकात तो सगळीकडे पोहोचला. यांतला कोणता हिरवा भिंतीवर आहे, यावर दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे ते पान मूळ चित्रकाराचे की नंतर कोणी रंगवलेले, आणि दुसरी म्हणजे साफसफाई करताना काय काढायचे आणि कशाला हात लावायचा नाही.

या कामात सहसा आधी वापरले जाते ते हातात धरायचे एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र. त्याला थोडक्यात एक्सआरएफ म्हणतात. हातातल्या ड्रिल मशीनएवढ्या या यंत्रात छोटी क्ष-किरण नळी असते. यंत्राचे तोंड भिंतीजवळ धरून मिनिट-दोन मिनिटे किरण सोडले की रंगातल्या अणूंचे आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन निसटतात. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते, त्यामुळे पडद्यावर उमटणाऱ्या आलेखातल्या शिखरांवरून तिथे तांबे आहे, पारा आहे की शिसे, हे कळते. भिंतीला ओरखडासुद्धा उठत नाही आणि एका दिवसात अनेक जागा तपासून होतात. मात्र भिंत पातळ किंवा लाकडी असेल तर पलीकडच्या खोलीत कोणी नाही ना, हे आधी पाहावे लागते.

हे यंत्र मूलद्रव्ये सांगते, रंगद्रव्य सांगत नाही. पारा दिसला तर तो हिंगूळ असावा, असा निष्कर्ष तपासणारा काढतो. शिसे दिसले तर सफेदा आणि शेंदूर असे दोन पर्याय समोर राहतात. शिवाय हलक्या मूलद्रव्यांचे क्षीण किरण हवेतच शोषले जातात आणि कार्बन तर यंत्राला दिसतच नाही. म्हणजे नीळ, लाख आणि काजळी या यंत्रापुढे अदृश्य असतात. अजिंठ्याचा निळा हा लाजवर्द आहे, पण लाजवर्दाची मूलद्रव्ये सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक ही आहेत. ती एक तर धड दिसत नाहीत, आणि दिसली तरी त्यांतली बरीचशी मातीच्या गिलाव्यातही असतात.

म्हणून अनुभवी तपासणारे चित्राआधी उघड्या गिलाव्याचे माप घेतात. महाराष्ट्रात ही सवय विशेष उपयोगी पडते. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहाबरोबर टायटॅनियमही भरपूर असते, ते इथल्या मातीत आणि वाळूत उतरते आणि तिथून गिलाव्यात येते. टायटॅनियमचा पांढरा रंग हा विसाव्या शतकातला आहे. त्यामुळे आलेखात टायटॅनियमचे शिखर पाहून रंग नवा ठरवणाऱ्याची फसगत होऊ शकते. तेवढेच शिखर नुसत्या गिलाव्यावरही येत असेल, तर ते जमिनीचे आहे, रंगाचे नाही.

दुसरा सापळा हिरव्या आणि पिवळ्या रंगांच्या बाबतीत हमखास भेटतो. आर्सेनिकचे मुख्य शिखर १०.५४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि शिशाचे १०.५५ ला. हातातल्या यंत्राला एवढा बारीक फरक ओळखता येत नाही, दोन्ही मिळून एकच शिखर दिसते. यंत्रातला तयार प्रोग्राम मग आपल्या हिशेबाने एका मूलद्रव्याचे नाव छापतो. खरे उत्तर त्यांच्या दुय्यम शिखरांत असते. आर्सेनिकचे ते ११.७ च्या आसपास, तर शिशाचे १२.६ ला. त्या दोन जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हरताळ की सफेदा हे ठरवू नये. तिथेही एक अडचण आहे. पाऱ्याचे एक शिखर ११.८ ला येते, म्हणजे पानाशेजारी हिंगुळाचे फूल असेल तर आर्सेनिक नसतानाही असल्याचा भास होतो. अशा वेळी पाऱ्याचे दुसरे शिखर १० च्या जवळ आहे का, हे पाहून उलगडा करावा लागतो.

या सगळ्यापेक्षा मोठी मर्यादा खोलीची आहे. तांब्याचे आणि शिशाचे किरण चुन्याच्या थरातून काही दशांश मिलिमीटर खोलीवरूनही बाहेर येतात, आणि भिंतीवरचे रंगाचे सगळे थर मिळून बहुधा तेवढ्यातच बसतात. त्यामुळे आलेखात वरचा रंग, खालचा रंग आणि मधला अस्तराचा पांढरा हे सगळे एकत्र येतात. कोणते मूलद्रव्य कोणत्या थरातले, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी थरांचा छेद डोळ्यांनी पाहावा लागतो.

छेदासाठी रंगाचा कण लागतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तो चित्राच्या मधून कधीच घेत नाहीत. आधीच तडा गेलेल्या किंवा पोपडा उडालेल्या जागेच्या कडेवरून, भिंगाखाली, बारीक सर्जिकल पात्याने उचलतात. वरच्या थरापासून गिलाव्यापर्यंत सगळे थर त्याच्यात सलग असायला हवेत, नाहीतर तो घेणे वाया जाते. हा कण छोट्या साच्यात पारदर्शक रेझिनमध्ये उभा बसवतात, रेझिन घट्ट झाले की घासून थरांची कड उघडी पाडतात आणि शेवटी फार बारीक कागदावर चकचकीत करतात. भिंतीवरच्या रंगात गोंद आणि सरस यांसारखी पाण्यात विरघळणारी बंधके असतात, म्हणून घासताना पाणी टाळतात. पाणी वापरले तर थर फुगतो, कडा पुसट होतात आणि एका थरातला रंग दुसऱ्यावर पसरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते घासणाऱ्याने निर्माण केलेले असते.

आता ही दोन साधने एकत्र कशी चालतात, ते पाहण्यासाठी एक नमुनेदार प्रसंग घेऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला वाडा आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर वेलबुट्टी आहे आणि पानांचा हिरवा रंग शंका यावी इतका ताजा आहे. गिलाव्याच्या मापात कॅल्शियम, लोह आणि थोडे टायटॅनियम आले. पानावर त्यांच्याशिवाय तांबे, जस्त आणि १०.५ जवळचे मोठे शिखर आले. दुय्यम शिखरे पाहता ११.७ चे ठळक आहे आणि १२.६ चे लहान. जवळपास कुठे पारा नाही. म्हणजे आर्सेनिक बरेच आणि शिसे थोडे.

तांबे आणि आर्सेनिक एकत्र आले की एमराल्ड ग्रीन आठवते. जस्ताचा पांढरा रंगही एकोणिसाव्या शतकातच रूढ झाला, तेव्हा पान नंतरचे असा निकाल देऊन टाकण्याचा मोह होतो. पण हाच आलेख आणखी एका रचनेतूनही येईल. खाली मूळ चित्रकाराचा हरताळ असलेला हिरवा आणि वर तांब्याचा एखादा हिरवा असेल, तरी शिखरे हीच येतील. हरताळातून सुटलेले आर्सेनिक ओलाव्याबरोबर शेजारच्या थरांत झिरपते, हेही लक्षात ठेवावे लागते.

पानाच्या कडेला उडालेल्या पोपड्यापाशी घेतलेल्या कणाचा छेद दोनशे पटींनी मोठा करून पाहिला. तळाशी चुन्याचा गिलावा. त्यावर सफेद्याचे पातळ अस्तर, तेच शिशाचे लहान शिखर देणारे. त्याच्यावर जेमतेम २० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, मळकट हिरवा थर. त्यात अभ्रकासारख्या चमकणाऱ्या सोनेरी पिवळ्या पापुद्र्या आहेत आणि त्यांच्यामध्ये इतका बारीक निळा रंग भरला आहे की त्याचे कण सुटे दिसत नाहीत. पापुद्र्या हरताळाच्या आणि निळा बहुधा निळीचा. या थरावर काळपट धुळीची वेडीवाकडी रेघ आहे. तिच्यावर पांढरा थर, जो अतिनील प्रकाशात फिकट पिवळसर उजळतो, जस्ताच्या पांढऱ्याची ही ओळखीची खूण. सर्वांत वर गडद हिरवा थर आहे आणि त्याचे कण गोलसर, मध्यापासून कडेकडे रेघा गेलेले. खनिज मॅलाकाइट दळले तर कण ओबडधोबड, फुटक्या कडांचे दिसतात. असे गोलसर कण रासायनिक रीतीने बनवलेल्या एमराल्ड ग्रीनमध्ये दिसतात.

तेव्हा एकाच पानात दोन हिरवे निघाले आणि आर्सेनिक दोन्हींत होते. मधली धुळीची रेघ सांगते की मूळ पान बराच काळ उघडे राहिले आणि मग त्यावर पांढरे अस्तर चढवून पुन्हा रंगवले गेले. रेघ नसती तर मात्र दोन्ही थर एकाच वेळचे असे म्हणता आले नसते, कारण नवा रंग देण्याआधी भिंत पुसलेली असू शकते. निळीची खात्री छेदावरून होत नाही. ती रामन वर्णपटमापनाने करून घ्यावी लागते आणि त्याला हाच चकचकीत केलेला छेद चालतो.

यानंतर यंत्र पुन्हा भिंतीपाशी न्यायचे, हा टप्पा बऱ्याचदा घाईत राहून जातो. छेद एका बिंदूचा असतो, संपूर्ण भिंतीबद्दल तो काही सांगत नाही. पण एकदा त्याने थरांचा अर्थ लावून दिला की आलेख वाचता येऊ लागतात. ज्या पानांवर आर्सेनिक आहे पण तांबे आणि जस्त नाही, तिथे मूळ रंग उघडा आहे. तिन्ही आहेत तिथे नंतरचा थर वर बसलेला आहे. अशा नोंदी घेत गेले की नवा नमुना न काढता दिवाणखान्याचा नकाशा तयार होतो, आणि दुसरा छेद लागलाच तर जिथे आलेख या दोन्हींत बसत नाही तिथूनच घ्यायचा.

तारखेबद्दल या पद्धतीला एवढेच ठामपणे म्हणता येते की एमराल्ड ग्रीनचा थर १८१४ च्या आधीचा नाही. तो १८४० चा की १८९० चा, हे रंगद्रव्यावरून ठरत नाही, तिथे घराण्याची कागदपत्रे आणि दुरुस्तीचे जुने हिशेब पाहावे लागतात. वरचा थर काढायचा की ठेवायचा, हा निर्णयही आलेखातून निघत नाही. पण काढायचे ठरले तर खाली किती जाडीचा आणि कशाचा थर आहे हे आता माहीत असते: २० मायक्रॉनचा, पाण्याने हलणाऱ्या बंधकातला, आणि विषारी. म्हणून कोरड्याने, भिंगाखाली, हातमोजे आणि मुखपट्टी लावून काम करायचे आणि खरवडलेली भुकटी झाडून न टाकता गोळा करून ठेवायची.