ज आणि र: एका लग्नचिन्हाची घडण

लग्नपत्रिकेवर, अहेराच्या पाकिटावर, स्टेजमागच्या पडद्यावर हल्ली वधूवरांच्या नावांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात. या चिन्हाला सगळेजण मोनोग्रामच म्हणतात. बहुतेक घरांत ते कोणीतरी हौसेनं संगणकावर करतं: दोन अक्षरं टाइप करायची, एकावर एक सरकवायची, वरच्या अक्षराला पांढरी किनार द्यायची. मोबाइलवर ते छान दिसतं. फाइल छापखान्यात गेली की मात्र फोन येतो, ‘कर्व्ह करून पाठवा, आणि पांढरं काढा.’

कारण साधं आहे. सोनेरी फॉइलसाठी धातूचा ठसा बनतो आणि लेझरला किंवा स्टिकर कापणाऱ्या सुरीला फक्त बाह्यरेषा कळते. पांढरा रंग त्यांच्या लेखी रिकामी जागा नसतो, तोही एक आकारच असतो. सुरी त्या पांढऱ्या किनारीवरूनही फिरते आणि तिच्याखाली लपवलेल्या रेषेवरूनही. म्हणून जे दिसायला नको ते झाकून चालत नाही, आकारातून खरोखर कापून काढावं लागतं. आकार जोडणारी आणि कापणारी हत्यारं त्यासाठीच आहेत. मुख्य तीनच: युनियन म्हणजे दोन आकारांचा एक करणं, डिफरन्स म्हणजे वरच्या आकारानं खालचा कापणं आणि इंटरसेक्शन म्हणजे दोघांचा सामाईक भाग तेवढा ठेवणं. छापखान्यातल्या कोरलमध्ये हीच वेल्ड, ट्रिम आणि इंटरसेक्ट या नावांनी असतात. इथं मी इंकस्केप धरून सांगतो, कारण ते फुकट मिळतं आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं.

पण संगणक उघडण्याआधी कागदावर अक्षरं पाहायला हवीत, कारण देवनागरीचे स्वतःचे नियम आहेत. रोमन अक्षरांत एकाची उभी दांडी दुसऱ्याला दिली तरी दोन्ही अक्षरं शाबूत राहतात. जर्मन चित्रकार ड्यूररनं आपल्या सहीत A च्या पायांमध्ये D बसवला, तो पाचशे वर्षांनंतरही लगेच वाचता येतो. आपल्याकडे ‘स’ आणि ‘म’ यांना एकच काना दिला की ‘स्म’ तयार होतो. ते जोडाक्षर झालं, आणि त्यात एकाचं अक्षर अर्धं राहिलं. लग्नाच्या चिन्हात मला ते पटत नाही, दोन्ही अक्षरं पूर्णच हवीत.

तिरक्या रेघेचा धोका त्याहून मोठा. ‘प’च्या पोटातून तिरकी रेघ गेली की तो ‘ष’ वाटतो, ‘व’मधून गेली की ‘ब’. म्हणजे ‘र’चा पाय यांच्यावरून नेला की भलतंच अक्षर उभं राहतं. शिवाय दोन अक्षरं लागोपाठ वाचून काय शब्द होतो तेही बघावं. ‘म’ आणि ‘र’ शेजारी आले तर पत्रिकेवर काय वाचलं जाईल ते सांगायला नको. तिथं अक्षरं वरखाली रचावीत, किंवा नाव आणि आडनाव यांतून दुसरं अक्षर घ्यावं.

आता एक जोडी घेऊ: वधूचं अक्षर ज, वराचं र. लागोपाठ वाचलं तर ‘जर’ होतं, त्यात वावगं काही नाही. आकारही सोयीचे आहेत. ‘ज’ला उजवीकडे काना आहे, त्याच्या मध्यातून एक आडवी रेघ डावीकडे जाते आणि खाली आकड्यासारखी वळते. त्या रेघेच्या वर, शिरोरेघेखाली, मोकळी जागा आहे. ‘र’ला काना नाही. त्याचं वळण त्या मोकळ्या जागेत टांगायचं आणि पाय उजवीकडे खाली सोडायचा. तो आधी ‘ज’ची आडवी रेघ ओलांडतो, मग काना. दोन छेद मिळाले: पहिल्या छेदाला र वरून जाईल, दुसऱ्याला खालून. चटईच्या विणीत पट्टी एकदा वर एकदा खाली जाते, तसंच. दोन्ही ठिकाणी एकच अक्षर वर राहिलं तर ते नुसतं दुसऱ्यावर ठेवल्यासारखं दिसतं.

फॉन्ट म्हणून मी ‘मुक्त’ घेतो. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे त्याच्या अक्षरांत फेरफार करायला आडकाठी नाही. त्यात जाडीचे सात प्रकार आहेत आणि ते इथं कामाला येतात. ‘र’चा पाय कान्यापलीकडे पोचावा म्हणून र सुमारे 130 टक्के मोठा करावा लागतो, पण मोठा केला की त्याच्या रेघाही तितक्याच जाड होतात आणि शेजारचा ज किरकोळ दिसू लागतो. म्हणून र एक-दोन पायऱ्या बारीक प्रकारात टाइप करून मग मोठा करायचा. दोन्ही रेघांची जाडी डोळ्यांना सारखी वाटली की पुढं जायचं.

दोन्ही अक्षरं वेगवेगळी टाइप करा, एका ओळीत नको. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, कारण इथून पुढं ती अक्षरं टाइप केलेला मजकूर राहणार नाहीत. मग Shift+Ctrl+C दाबून त्यांच्या बाह्यरेषा करा. इंकस्केप या रेषा एका गटात ठेवतो, म्हणून Shift+Ctrl+G नं गट सोडा. हे विसरलं की पुढचं हत्यार नीट चालत नाही, आणि नवख्या माणसाला कारण सापडत नाही.

पहिलं कापकाम शिरोरेघेचं. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेघ असते. मोठ्या केलेल्या ‘र’ची शिरोरेघ ‘ज’च्या शिरोरेघेशी जुळणारच नाही. दोन्हींवर एकेक आयत ठेवून त्या कापून टाका: आयत वर, अक्षर खाली, दोन्ही निवडून Ctrl+-. कापताना आयत संपून जातो, म्हणून पुन्हा लागेल असं वाटलं तर आधी Ctrl+D नं त्याची प्रत काढा. आता र जागेवर सरकवा आणि दोघांच्या डोक्यावर एकच नवी शिरोरेघ आखा. ती अक्षरांच्या माथ्याला नुसती टेकवू नका, केसभर आत घुसू द्या. नुसते टेकलेले आकार युनियन केल्यावरही मध्ये बारीक चीर राहते. पडद्यावर ती दिसतही नाही, फॉइलवर मात्र नेमकी उमटते.

आता वीण. वरून जाणाऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक फट हवी, तिच्यामुळेच डोळ्याला एक रेघ वर आणि दुसरी खाली वाटते. समजा चिन्ह 30 मिलिमीटर उंच आहे आणि फट 0.6 मिलिमीटरची हवी आहे. ‘र’ची एक प्रत काढा आणि तिला 1.2 मिलिमीटर जाडीची किनार द्या. किनार अर्धी आत आणि अर्धी बाहेर पसरते, म्हणून दुप्पट. मग Ctrl+Alt+C नं किनारीचा आकार करा, गट सोडा आणि Ctrl++ नं सगळं एक करा. हा झाला सर्व बाजूंनी 0.6 मिलिमीटर फुगलेला र. ‘ज’चीही अशीच फुगलेली प्रत करून ठेवा. दोन्ही प्रती काहीही कापण्याआधीच करायच्या, नाहीतर कापलेल्या अक्षराची प्रत फुगते आणि फटीच्या जागाच बदलतात.

फुगलेला र जसाच्या तसा ‘ज’मधून वजा केला तर दोन्ही छेदांवर र वर येईल. म्हणून पहिल्या छेदावर एक छोटं वर्तुळ ठेवा आणि Ctrl+* नं फुगलेल्या ‘र’चा त्या वर्तुळापुरता तुकडा काढा. तो तुकडा ‘ज’च्या वर ठेवून डिफरन्स करा. ‘ज’ची आडवी रेघ तुटते आणि मधून ‘र’चा पाय दोन्ही बाजूंनी श्वास घेत जातो. दुसऱ्या छेदावर उलट करा: वर्तुळात फुगलेल्या ‘ज’चा तुकडा घ्या आणि तो ‘र’मधून वजा करा. आता पाय कान्याच्या एका बाजूला थांबतो आणि पलीकडून पुन्हा निघतो. शेवटी ज, र आणि शिरोरेघ निवडून युनियन करा. वर्तुळ पुरेसं मोठं नसेल तर फटीच्या टोकाला कोयरीसारखा कोपरा उरतो. तसं झालं तर Ctrl+Z नं मागं जाऊन वर्तुळ वाढवा, बिंदू ओढून दुरुस्ती करत बसू नका.

इंकस्केपच्या 1.3 आवृत्तीत, म्हणजे 2023 पासून, शेप बिल्डर नावाचं हत्यार आलं आहे. छेदांमुळे झालेले तुकडे त्यात माउस ओढून जोडता येतात, नको ते Shift धरून काढता येतात. कोणता भाग वर ठेवायचा हे पाहायला ते फार छान आहे. पण ते आहे त्या रेषांवरच तुकडे पाडतं, फट ते स्वतः तयार करत नाही. फुगवलेली प्रत तरीही लागतेच.

तपासणीसाठी View मेन्यूतल्या Display Mode मध्ये Outline निवडा. रंग जातात, नुसत्या रेषा उरतात. अक्षराच्या पोटातून एखादी रेष जाताना दिसली, तर तिथं आकार एक झालेले नाहीत. एखादा ठिपक्याएवढा सुटा तुकडा दिसला तर तो पुसा. बिंदू कमी करण्यासाठी Simplify वापरण्याचा मोह टाळा, ‘र’च्या वळणाचा डौल त्यात जातो.

आकार लहान केला की फटही लहान होते हे लक्षात ठेवायला हवं. 30 मिलिमीटरच्या चिन्हातली 0.6 ची फट पाकिटावरच्या 12 मिलिमीटरच्या स्टिकरवर 0.24 उरते, आणि फॉइलमध्ये एवढी बारीक फट बुजण्याची शक्यता मोठी. त्या आकारासाठी फट दुप्पट घेऊन वेगळी आवृत्ती करा.

स्टेजसाठी ॲक्रिलिक किंवा प्लायवूडमधून चिन्ह कापून घ्यायचं असेल तर तिसरी आवृत्ती लागते. आपली वीण पाहा: आडवी रेघ तुटल्यामुळे ‘ज’चा आकडा सुटा झाला आणि कान्यापलीकडचं ‘र’च्या पायाचं टोकही. शिरोरेघेला धरून राहिलेला मुख्य भाग मिळून तीन तुकडे. छपाईत हे चालतं, कारण कागद तिन्हींना धरून ठेवतो. ॲक्रिलिकमध्ये दोन तुकडे हातात येतील. इथं फटी न ठेवता ज, र आणि शिरोरेघ यांचं सरळ युनियन करा, म्हणजे सगळं शिरोरेघेला लटकून राहील. वीण दाखवायचीच असेल तर फटींच्या जागा लेझरवाल्याला आरपार न कापता वरवर कोरायला सांगा, आणि त्या रेषा फाइलमध्ये वेगळ्या रंगात द्या.